पिठाच्या पिशवीवर काय लिहावं?

छोट्या खाद्य-व्यावसायिकांना लेबलं, पिशव्या आणि नावं करून देणं हे माझं पुण्यातलं काम. पापड, मसाले, चटण्या यांची नावं तशी पटकन ठरतात. इडली-डोशाच्या तयार पिठाचं नाव मात्र घाम काढतं. वाकडच्या एका जोडप्यासाठी हे काम केलं, तेव्हा त्याच्या खाचाखोचा नीट कळल्या. हे दोघं, म्हणजे भाऊ आणि वहिनी, भाड्याच्या गाळ्यात वेट ग्राइंडरवर पीठ वाटायचे आणि आसपासच्या डेअऱ्यांना पुरवायचे. पारदर्शक पिशवी, वर ‘इडली-डोसा पीठ’ आणि फोन नंबर एवढंच. डेअरीवाल्याने शेजारी दुसऱ्या कुणाची तशीच पिशवी ठेवली, तेव्हा ‘परवा नेलं होतं ते द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला कुठलं पीठ द्यायचं हे त्यालाही सांगता येईना. नावाची गरज तिथून सुरू झाली. त्या कामातून हाती लागलेलं पुढे देते आहे.

१. नावाने विकत घेणारीचा पाणउतारा करू नये.

पहिली यादी त्या दोघांनीच आणली होती. तिच्यात ‘आयतं’, ‘झटपट’, ‘नो कटकट’ अशा नावांची गर्दी होती. वेळ वाचतो हे सांगावं, हा त्यामागचा हेतू. पण तयार पीठ घेणाऱ्या बाईला वेळ वाचतो हे ठाऊकच असतं, म्हणून तर ती डेअरीत आलेली असते. तिला बोच असते ती वेगळीच. आपल्याकडे ‘आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं’ हा वाक्प्रचार जिवंत आहे आणि तो कौतुकाने कुणी वापरत नाही. सासूबाई घरात असताना फ्रीजच्या दारात ‘आयतं’ लिहिलेली पिशवी उभी करणं म्हणजे टोमण्याला आमंत्रण. पीठ विकत आणलं तरी इडली तीच वाफवते, डोसा तीच घालते. ते श्रेय तिच्याकडे राहू द्यावं. त्यामुळे सोय सांगायचीच असेल तर ती पिशवीच्या मागच्या बाजूला कृतीत सांगावी, नावात नको.

२. नाव एकाच पदार्थाला बांधू नये.

‘लुसलुशीत इडली’ हे नाव वहिनींना फार आवडलं होतं. मी त्यांच्या गिऱ्हाइकांकडे चौकशी करायला सांगितली. पहिल्या दिवशी पिठाची इडली होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोसा, आणि उरलेलं आंबट झालं की कांदा घालून उत्तप्पा किंवा आप्पे, असा बहुतेक घरांतला क्रम निघाला. म्हणजे एका पिशवीतून निरनिराळे पदार्थ होतात आणि नावात त्यातला एकच बसतो. पुढे रवा डोशाचं, नाचणीचं पीठ काढायचं झालं तर हे नाव पायात येतं.

या बाबतीत बंगळुरूच्या ‘आयडी’चं उदाहरण पाहण्यासारखं आहे. पी. सी. मुस्तफा आणि त्यांच्या चुलतभावंडांनी २००५ मध्ये इडली-डोशाच्या पिठापासून सुरुवात केली, आणि त्याच दोन शब्दांची आद्याक्षरं म्हणजे ‘आयडी’. पण ही फोड नाव ऐकून कुणाला सहसा सुचत नाही. म्हणूनच त्याच नावाखाली पुढे पराठे, पनीर आणि फिल्टर कॉफीचा अर्कही विकता आला. पुण्यातल्याच ‘गिट्स’चं नाव गिलानी आणि तेजानी या संस्थापकांच्या आडनावांतून जुळवलेलं आहे. त्या नावातून पदार्थाचा काहीच सुगावा लागत नाही, त्यामुळे इडलीपासून गुलाबजामपर्यंत सगळी तयार मिश्रणं त्याखाली बसली.

३. नाव काउंटरवर म्हणून पाहावं आणि रोमन लिपीत लिहून पाहावं.

वाकड, हिंजवडी, बाणेर या पट्ट्यात एका मजल्यावर मराठी, तमिळ, कन्नड, हिंदी अशी सगळी घरं असतात. पीठ मागवलं जातं ते फोनवर, डेअरीच्या गोंगाटात किंवा ॲपवर, आणि ॲपवर नाव बहुधा रोमन लिपीत असतं. म्हणून देवनागरीत गोड दिसणारं प्रत्येक नाव मी रोमनमध्ये लिहून अमराठी माणसाला वाचायला देते.

‘जाळी’ हे नाव मला स्वतःला भावलं होतं. इडली मोडली की आत जाळी दिसते, डोशाला जाळी पडते, आंबोळीलाही पडते. पीठ चांगलं आंबल्याची ती खूणच. रोमनमध्ये लिहिल्यावर शेजारच्या हिंदी भाषक बाईंनी ते आधी ‘जली’ वाचलं, मग ‘जाली’. एक करपलेली, दुसरी नकली. ‘पळी’चंही तसंच झालं. रोमनमध्ये ‘ळ’ गेला आणि नाव ‘पाली’ झालं. खाण्याच्या पिशवीवर पाली कुणाला हव्यात? ‘न्याहारी’ तर मराठी माणसाला प्रसन्न वाटतं, पण हिंदी-उर्दू कानाला ते ‘निहारी’च्या फार जवळ जातं. निहारी हा मटणाचा रस्सा. शुद्ध शाकाहारी पिठाला ही आठवण परवडणारी नाही.

‘ळ’, ‘ण’ आणि जोडाक्षरं असलेली नावं या परीक्षेत सहसा गळतात. दोन-तीन साधी अक्षरं, दोन्ही लिपींत एकच उच्चार, आणि ‘एक किलो अमुक द्या’ या वाक्यात न अडखळता बसणारं नाव टिकतं.

४. ‘ताजं’, ‘घरगुती’, ‘पारंपरिक’ हे शब्द नावात घेण्याआधी नियम वाचावेत.

भाऊंचा आग्रह ‘फ्रेश’ या शब्दासाठी होता. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांविषयीच्या नियमांत या शब्दाला अर्थ ठरवून दिलेला आहे. धुणं, सोलणं, चिरणं, गार करणं अशा किरकोळ क्रियांपलीकडे प्रक्रिया न झालेल्या मालालाच ‘ताजा’ म्हणता येतं. तांदूळ-उडीद भिजवून, वाटून, आंबवलेलं पीठ त्यात बसत नाही. ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘पारंपरिक’, ‘अस्सल’ या अर्थाची विशेषणं ब्रँडच्या नावात असतील आणि त्यामुळे गैरसमज होण्याजोगा असेल, तर हे केवळ नाव आहे, मालाचं खरं स्वरूप दाखवत नाही, अशी सूचना लेबलवर किमान ३ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत छापावी लागते. आपल्याच नावाखाली आपणच त्याचं खंडन छापायचं! शिवाय गाळ्यात यंत्रावर वाटलेल्या मालाला ‘घरी केलेलं’ म्हणणं ही दिशाभूलच आहे.

नियम बाजूला ठेवले तरी व्यवहार उरतोच. हे पीठ पिशवीत जिवंत असतं. थंडीत फ्रीजमध्ये ते संथपणे आंबतं, आणि डेअरीवाल्याने दुपारी फ्रीज बंद ठेवला तर तेच चटकन आंबट होतं. चौथ्या दिवशी पिशवी उघडणाऱ्याच्या नाकाला आंबट वास येतो आणि नावात ‘फ्रेश’ दिसतं. पीठ बिघडलेलं नसतं, डोशाला उत्तम असतं. तरी तक्रार येते, कारण नावाने कबूल केलं होतं ते निराळंच होतं.

५. नोंदणीची यादी पाहिल्याशिवाय छापखान्यात जाऊ नये.

पिशव्यांचे सिलिंडर एकदा कोरले की नाव बदलण्याचा खर्च छोट्या उद्योगाला सोसत नाही. त्यामुळे आधी ipindia.gov.in वर ट्रेडमार्कचा शोध घ्यावा. इडली-डोशाचं पीठ साधारणपणे वर्ग ३० मध्ये येतं. तिथे नुसतं हुबेहूब स्पेलिंग टाकून थांबू नये. उच्चारावरून शोधण्याची सोयही आहे, ती वापरावी, कारण कानाला सारखं वाटणारं नावही हरकतीला पुरतं.

त्यांच्या यादीतलं ‘उडुपी’ इथेच अडलं. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ प्रमाणे मालाचा प्रकार, गुण किंवा उगमस्थान सांगणारा शब्द एकट्याच्या मालकीचा करून मिळणं अवघड. ‘सॉफ्ट इडली’, ‘साउथ स्पेशल’ यांचीही तीच गत. आणि समजा मिळालंच, तरी उडुपी हा शब्द इतक्या हॉटेलांवर आहे की गिऱ्हाइकाला तुमची पिशवी वेगळी आठवणार नाही. मग वहिनींनी ‘मोगरा’ सुचवला. कर्नाटकात मऊ पांढऱ्या इडलीला ‘मल्लिगे इडली’ म्हणतात, मल्लिगे म्हणजे मोगराच, तेव्हा कल्पना सुरेख होती. पण मोगरा हे बासमतीच्या कणीचंही नाव आहे. तांदळाच्याच पिठावर ते लावलं तर नाव कमी आणि मालाची प्रत जास्त वाटते.

अर्ज टीएम-ए या नमुन्यात करायचा असतो. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असल्यास ऑनलाइन शुल्क एका वर्गासाठी ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. छाननीनंतर नाव जर्नलमध्ये प्रसिद्ध होतं आणि त्यावर हरकत घ्यायला लोकांना चार महिने मिळतात. नोंदणी दहा वर्षांची असते, पुढे नूतनीकरण करता येतं. नोंदणी होईपर्यंत नावापुढे ‘टीएम’ चालतं; वर्तुळातला ‘आर’ आधीच छापणं हा गुन्हा आहे.

६. नाव फुगलेल्या पिशवीवर वाचून पाहावं.

पीठ आंबताना वायू सुटतो आणि पिशवी फुगते. सपाट कागदावर झोकात दिसणारं लांब नाव फुगलेल्या पिशवीच्या दोन्ही कडांकडे वळतं आणि समोरून मधलीच अक्षरं दिसतात. आम्ही नमुन्याच्या पिशव्यांवर कागदी पट्ट्या चिकटवल्या, पीठ भरलं आणि रात्रभर ठेवल्या. सकाळी फ्रीजपासून दोन पावलं मागे उभं राहून वाचलं. मोठी नावं तिथेच बाद झाली. ‘टम्म’ हे छोटं आणि गमतीचं नाव मात्र वेगळ्या कारणाने गेलं. फुगलेल्या पिशवीवर ‘टम्म’ वाचून माल खराब झाल्याची शंका येते, आणि पोट टम्म झाल्याची आठवण तर येतेच.

नावाखाली पदार्थाचं साधं नाव ठळकपणे लिहावं. पाकिटाच्या दर्शनी बाजूला ते असणं बंधनकारकच आहे. ते तिथे असल्यामुळेच ब्रँडच्या नावाला इडली, डोसा, मऊ, आंबलेलं असं काहीही सांगण्याची गरज उरत नाही.

शेवटी त्यांनी एका पांढऱ्या फुलाचं दोन अक्षरी नाव घेतलं. अर्जावरचा निर्णय अजून यायचा आहे, म्हणून ते इथे लिहीत नाही. खाली ‘इडली-डोशाचं पीठ’, वाटल्याची तारीख आणि ‘पहिले दोन दिवस इडली, पुढे डोसा-उत्तप्पा’ ही ओळ. आंबट झाल्याच्या तक्रारी कमी झाल्या, त्याचं श्रेय नावाला नाही, त्या ओळीला आहे. नावाचं काम एवढंच की गिऱ्हाइकाने पुढच्या वेळी तीच पिशवी मागून घ्यावी. तेव्हा नाव ठरवताना घरच्यांना ‘आवडलं का?’ असं विचारू नका. ते डेअरीवाल्याला फोनवर सांगा आणि त्याने वहीत काय लिहून घेतलं ते पाहा.