फिल्टर लागला, पण परग्रहवासी आलेच

सहामाही संपत आली की आपल्या शहरात बहुतेक घरांत प्रकल्पाची वही निघते. विषय ठरलेले असतात : वेरूळ, अजिंठा, मकबरा, पाणचक्की, दौलताबाद. मुलगी पाचवीत असते, फोन आईचा असतो आणि वही दुसऱ्या दिवशी शाळेत द्यायची असते. मग तो फोन तिच्या हातात जातो आणि आई म्हणते, "गूगलवर बघ गं, पण दुसरं काही उघडू नकोस."

आई-बाबांनो, आज बोलायचंय ते या "दुसरं काही" बद्दल. आपल्या मनात त्याचा अर्थ एकच असतो, अश्लील चित्रं. ती अडवण्याची सोय आहे आणि ती करायला पंधरा मिनिटं पुरतात. पण फिल्टर लावून आपण निर्धास्त झालो की त्याच फोनवर, त्याच प्रकल्पासाठी, कैलास लेणं परग्रहावरच्या लोकांनी कोरलं असं सांगणारा व्हिडिओ उघडतो. त्यात नग्नता नाही, शिवी नाही, मारामारी नाही. फिल्टरच्या लेखी तो अगदी सोज्ज्वळ. मुलगी तेच वहीत उतरवते.

आधी फिल्टरचं बघू. गूगलमध्ये SafeSearch नावाची सोय आहे. `google.com/safesearch` उघडलंत की तीन पर्याय दिसतात : Filter, Blur आणि Off. २०२३ पासून गूगलने Blur हा आपोआप लागू होणारा पर्याय केला, म्हणून तुम्ही कधीच हात लावला नसेल तर तुमच्या फोनवर बहुधा तोच असेल. Blur मध्ये अश्लील चित्र धूसर होतं, पण तसला मजकूर आणि लिंका दिसू शकतात. मुलाच्या हातात फोन द्यायचा असेल तर Filter निवडा. अठरा वर्षांखालच्या मुलाचं स्वतःचं खातं असेल आणि त्यात वय खरं लिहिलेलं असेल तर गूगल Filter स्वतःच लावतं. आपल्याकडे गाडं इथेच अडतं. मुलाचं खातं नसतंच. फोन आईचा, खातं आईचं, आणि गूगलच्या दृष्टीने समोर एक चाळिशीची बाई बसलेली असते.

शिवाय ही सेटिंग कुणीही बदलू शकतं, आणि सातवीतला मुलगा ती आपल्यापेक्षा लवकर शोधतो. म्हणून दुसरा अडसर एक पायरी खाली, म्हणजे फोनच्या नेट जोडणीतच लावावा. आपण कुठल्याही साइटचं नाव टाकलं की फोन आधी एका सर्व्हरला त्या नावाचा पत्ता विचारतो. त्याला डीएनएस म्हणतात. काही डीएनएस सर्व्हर मुलांसाठीच चालवले जातात. अश्लील साइटचा पत्ता विचारला की ते तो देतच नाहीत. अँड्रॉइड ९ किंवा त्यानंतरच्या फोनवर सेटिंग्जच्या शोधपट्टीत Private DNS असं टाका. Private DNS provider hostname हा पर्याय निवडा आणि रिकाम्या जागेत हे लिहा :

```
family-filter-dns.cleanbrowsing.org
```

हा क्लीनब्राउझिंगचा मोफत कौटुंबिक फिल्टर आहे. तो अश्लील साइट अडवतोच, शिवाय गूगल, बिंग आणि यूट्यूबला सुरक्षित मोडमध्ये राहायला भाग पाडतो. नुसते अश्लील साइट अडवणारे डीएनएस बरेच आहेत. शोधाला आणि यूट्यूबलाही लगाम घालतो म्हणून मी हा सुचवते. सेटिंग फोनमध्येच असल्याने घरच्या वायफायवरही चालते आणि मोबाइल डेटावरही. राउटरमध्ये फिल्टर लावणाऱ्यांना हा फरक उशिरा कळतो. मुलाने वायफाय बंद करून डेटा चालू केला की राउटरचा पहारा संपला.

लागलंय की नाही हे कसं ओळखायचं? यूट्यूब उघडून एखाद्या साध्या व्हिडिओखाली बघा. रिस्ट्रिक्टेड मोडमध्ये प्रतिक्रिया दिसत नाहीत. आणि `google.com/safesearch` वर कुलपाचं चिन्ह दिसलं तर समजा की सेटिंग बाहेरून बांधली गेली आहे. वरच्या नावात एक अक्षर जरी चुकलं तर मात्र नेटच बंद पडतं आणि फोन कुरकुरतो की प्रायव्हेट डीएनएस सर्व्हर सापडत नाही. घाबरून दुकानात जाऊ नका, शब्द तपासा. हॉटेलच्या किंवा स्टेशनच्या वायफायवर लॉगिनचं पान उघडेना झालं तरी कारण बहुधा हेच असतं. तेवढ्यापुरतं बंद करून पुन्हा चालू करा.

आता याच्या मर्यादा. डीएनएसला फक्त साइटचं नाव दिसतं, आतला मजकूर दिसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी काय पाठवलं, इन्स्टाग्रामच्या रीलमध्ये काय नाचतंय, हे त्याला कळत नाही. व्हीपीएन टाकलं की तो बाजूलाच पडतो. मुलाला स्वतःचा फोन दिलाच असेल तर गूगलचं फॅमिली लिंक अधिक कामाचं. त्यात अ‍ॅप टाकायला तुमची परवानगी लागते आणि क्रोममध्ये फक्त तुम्ही मंजूर केलेल्याच साइट उघडतील असंही ठरवता येतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला तेवढं पुरतं. चौदा वर्षांच्या मुलावर तो प्रयोग करू नका, दोन दिवसांत तो मित्राच्या फोनवर बसेल.

आता परग्रहवासीयांकडे वळू. इथे फिल्टर काहीच करू शकत नाही, कारण फिल्टर घाण ओळखतो, खोटं ओळखत नाही. शोधाचा शब्द बदलला की काय होतं ते बघा. मुलीने इंग्रजीत कैलास टेंपल मिस्टरी असं टाकलं की यंत्र तिला रहस्यच देणार. ज्या व्हिडिओवर लोक जास्त थांबतात तो वर येतो, आणि "माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरलं" यापेक्षा "कुणी कोरलं ते गूढच" यावर लोक जास्त थांबतात. म्हणून पहिला उपाय शब्दाचा. रहस्य, अद्भुत, खरा इतिहास असे शब्द काढून टाकायचे आणि वस्तूचं नाव घालायचं : वेरूळ, लेणे क्रमांक १६, राष्ट्रकूट.

दुसरा उपाय जागेचा. सगळ्या जालावर शोधायची गरजच काय? गूगलला एकाच साइटमध्ये शोधायला सांगता येतं :

```
वेरूळ site:vishwakosh.marathi.gov.in
```

हा मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत बसून उभा केलेला, आता जालावर फुकट. site नंतर अपूर्णविराम, आणि त्याला लागूनच साइटचं नाव, मध्ये जागा सोडायची नाही. जागा सुटली की ही युक्ती चालत नाही आणि पुन्हा सगळं जाल समोर येतं. विश्वकोशाची भाषा पाचवीला जड जाते हे कबूल. तिथे शेजारी बसून एक परिच्छेद आपण सोपा करून सांगायचा. वाचायला सोपं आणि आधीच निवडलेलं हवं असेल तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक `kishor.ebalbharati.in` वर आहेत आणि पाठ्यपुस्तकं `ebalbharati.in` वर. पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपमधून स्कॅन केला की त्याच धड्याचं साहित्य उघडतं. तिथे शोधपट्टीची गरजच पडत नाही.

मुलांसाठीची म्हणून वेगळी सर्च इंजिनं आहेत, किडलसारखी. नावावरून आणि रंगांवरून ते गूगलचं वाटतं, पण गूगलचं नाही. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला ते चालेल. मराठीतून शोधणाऱ्या मुलीच्या हाती तिथे फारसं लागत नाही, आणि मग ती दोन मिनिटांत साध्या गूगलवर परतते. त्यापेक्षा वरची तीन-चार पानं फोनच्या होमस्क्रीनवर चिकटवून ठेवा.

आपल्या गावाची एक खास अडचण आहे. नुसतं औरंगाबाद टाकलं तर बिहारमधला औरंगाबाद जिल्हाही येतो, त्याची लोकसंख्या, नद्या, आमदार सगळ्यांसकट. नुसतं संभाजीनगर टाकलं तर पुण्या-कोल्हापूरकडच्या वसाहती येतात. नाव २०२३ मध्ये बदललं, त्यामुळे जुनी चांगली पानं जुन्या नावाने आहेत आणि नव्या बातम्या नव्या नावाने. मुलांना दोन्ही नावांनी शोधायला शिकवा, आणि पानावर महाराष्ट्र हा शब्द दिसतो का ते आधी बघायला सांगा. बोलून शोधणाऱ्या लहानग्यांना आणखी एक सवय लावा : निकाल वाचण्याआधी पट्टीत काय उमटलंय ते वाचायचं. आपण एक बोलतो, फोन भलतंच ऐकतो, आणि नको ती पानं पुष्कळदा याच वाटेने येतात.

तिसरा उपाय म्हणजे व्हिडिओला उलट प्रश्न विचारायचा. माणसाने कोरलं नसेल तर कुणाकडे काय पुरावा आहे? कैलासच्या बाबतीत उत्तर हाताशी आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवं शतक. त्याच्याच घराण्यातल्या कर्कराजाचा इ.स. ८१२ च्या सुमाराचा बडोदे ताम्रपट आहे. त्यात कृष्णराजाने एलापूरला बांधवलेल्या मंदिराचं वर्णन येतं. एलापूर म्हणजे आपलं वेरूळ. ते पाहून देवही चकित झाले आणि खुद्द शिल्पीलाच आपण हे कसं केलं याचं नवल वाटलं, असं ताम्रपट म्हणतो. म्हणजे आश्चर्य बाराशे वर्षांपूर्वीही होतं, पण करणारा माणूसच होता. डोंगरात आधी तीन बाजूंनी चर खणून मधला खडक सुटा केला आणि मग कळसापासून खाली कोरत आले. जागेवर गेलात तर शेजारच्या अर्धवट सोडलेल्या लेण्यांच्या भिंतींवर छिन्नीचे घाव मुलीला बोटाने दाखवा. वेरूळ तीस किलोमीटरवर आहे, रविवारी एसटीने जाऊन येता येतं.

एवढं करूनही कधी तरी नको ते समोर येणारच. गूगल स्वतःच सांगतं की SafeSearch शंभर टक्के अचूक नाही. त्या वेळी फोन हिसकावून घेतलात तर पुढच्या वेळी मूल सांगणार नाही, हिस्टरी पुसून टाकेल. त्याऐवजी "काय टाकलं होतंस?" एवढंच विचारा आणि शब्द बघा. बहुतेक वेळा शब्द निष्पाप असतो, एखादं अक्षर चुकलेलं असतं किंवा बाजूच्या जाहिरातीवर बोट पडलेलं असतं. फोन तुमचा असेल तर एक उलटी गोष्टही तपासा. शोधपट्टीत खाली जे सुचवलं जातं त्यात तुमचे जुने शोधही असतात. `myactivity.google.com` वर जाऊन ते पुसता येतात.

आणि फिल्टर कायमचा नसतो. नववी-दहावीत विज्ञानात प्रजननाचा धडा येतो. कडक फिल्टरला शरीराचे अवयव आणि अश्लीलता यांतला फरक नेहमीच कळतो असं नाही, त्यामुळे कामाचं पानही अडू शकतं. तेव्हा मुलाने "आई, हे उघडत नाहीये" असं म्हटलं तर संशय घेऊ नका. पान स्वतः बघा, आणि योग्य वाटलं तर तेवढ्यापुरता डीएनएस बंद करून उघडून द्या.