उरलेला एक टक्का पायी येतोय

बरीच वर्षं मी मासिकांच्या चौकटींसाठी एका ओळीचे विनोद लिहितोय. त्यातले बहुतेक अडलेलं नेट, विसरलेला पासवर्ड आणि भरलेला फोन यांच्यावरचे असतात. असल्या ओळीत जग थोडंसं वेडं व्हावं लागतं. ते कसं होतं याबद्दल हाताला जे लागलं ते इथे मांडतोय.

1. आधी यंत्र नेमकं काय करतं ते बघायचं.

‘नेट इतकं हळू की वाट बघून म्हातारा झालो’ ही ओळ मी कधी छापायला देत नाही. नेटच्या जागी एसटी किंवा रेशनची रांग घातली तरी ती तशीच चालते, म्हणजे ती नेटबद्दलची नाहीच. नेट अडल्यावर पडद्यावर जे चाक फिरतं, ते नेटवरून येत नाही. ते आपला फोनच काढतो. मधेच जोडणी तुटली तरी ते काही वेळ तसंच फिरत राहतं, कारण फोन उत्तराची ठरावीक काळ वाट बघतो आणि मगच हात टेकतो. चाक फिरतंय म्हणजे काम चाललंय, असं मुळीच नाही. हे कळलं की ओळ जवळजवळ आपोआप येते: ‘नेट केव्हाच घरी गेलं, चाकाला कुणी सांगितलंच नाही.’

2. खोटं एकच, बाकी सगळं खरं.

डाउनलोड 99 टक्क्यांवर येऊन थांबतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पडद्यावरचा आकडा बहुधा किती माहिती आली किंवा किती टप्पे झाले ते मोजतो, किती वेळ उरला ते नाही. फाइल तपासणं, उलगडणं, जागेवर बसवणं ही कामं शेवटच्या त्या टक्क्यात कोंबलेली असू शकतात. त्यावरची माझी ओळ अशी: ‘99 टक्के डाउनलोड झालं, उरलेला एक टक्का पायी येतोय.’ यात टक्का चालतो एवढंच खोटं आहे. मध्यंतरी मी ‘आळंदीहून पायी निघालाय’ असंही लिहून पाहिलं. हसू जास्त आलं, पण वाचकाच्या डोळ्यांसमोर पालखी आली, टाळ आले, आणि डाउनलोड मागेच राहिलं. आळंदी काढून टाकली.

3. ओळ घासावी लागते. पासवर्डचं उदाहरण पूर्ण सांगतो.

प्रसंग सगळ्यांचा आहे. पासवर्ड आठवत नाही, आपण नवा ठरवतो, आणि यंत्र म्हणतं की हा तर जुनाच आहे, दुसरा टाका.

असं का होतं? नीट बांधलेल्या व्यवस्थेत पासवर्ड जसाच्या तसा साठवलेला नसतो. त्याच्यापासून गणिताने काढलेला एक ठसा तेवढा ठेवतात. त्याला हॅश म्हणतात. ठशावरून पासवर्ड उलटा काढता येत नाही, म्हणून यंत्र तो आपल्याला सांगू शकत नाही. पण आपण काही टाकलं की त्याचा ठसा काढून जुन्याशी ताडून बघता येतो. बऱ्याच ठिकाणी मागच्या काही पासवर्डांचे ठसेही जपलेले असतात. म्हणून लॉगिनला नाकारलेला पासवर्ड नवा म्हणून टाकला की ‘जुना’ निघतो: तो जुनाच असतो, फक्त शेवटचा नसतो.

आता ओळ. पहिला खर्डा: ‘पासवर्ड विसरलो, नवा टाकला, तर म्हणे हा जुनाच, मग आधी का नाही सांगितलं?’ ही तक्रार झाली. दुसरा: ‘विसरलेला पासवर्ड हमखास सापडण्याची जागा म्हणजे नव्या पासवर्डचा रकाना.’ ही चांगली आहे, चलाख आहे, पण जग अजून शहाणंच आहे. तिसरा: ‘माझा जुना पासवर्ड नव्या पासवर्डच्या रकान्यात राहायला गेलाय.’ इथे पासवर्डाने बिऱ्हाड हलवलं. ‘राहायला गेलाय’ हे शब्द शेवटीच हवेत. ते आधी आणून ‘राहायला गेलाय माझा जुना पासवर्ड’ असं केलं की वेडेपणा पहिल्याच पावलाला फुटतो आणि पुढचे शब्द रिकामे पडतात. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, त्याचा एवढा फायदा दुसरीकडे कुठे होत नसेल.

4. कारण आणि परिणाम यांची जागा बदलून बघायची.

फोनची जागा भरण्यात सकाळच्या शुभेच्छांचा वाटा मोठा असतो. सूर्य, गुलाब, वाफाळता चहा आणि खाली सुविचार. 2018च्या जानेवारीत ‘द वॉल स्ट्रीट जर्नल’ने बातमी दिली होती की भारतातले फोन का अडकतात हे शोधताना गूगलच्या संशोधकांना हीच चित्रं सापडली. ती हुडकून काढून टाकण्याची सोय त्यांनी आपल्या ‘फाइल्स गो’ या ॲपमध्ये केली. सूर्योदय झाला म्हणून चित्र येतं, ही सरळ वाट. ती उलटवली: ‘फोनमध्ये जागा नसल्यामुळे आजचा सूर्योदय उद्यावर ढकलला आहे.’ ही ओळ सूचनाफलकाच्या भाषेत आहे, आणि तिचं बळ त्यातच आहे. वेडी गोष्ट जितक्या सरळ चेहऱ्याने सांगावी तितकी ती खरी वाटते.

फोटो पुसल्यावर जागा लगेच रिकामी होत नाही, हेही हाताशी असू द्यावं. आयफोनमध्ये पुसलेले फोटो एका वेगळ्या कप्प्यात साधारण 30 दिवस राहतात आणि तोवर जागा अडवतात. त्यावर: ‘पुसलेले फोटो महिनाभर फोनमध्येच असतात, जायला पत्ता शोधतायत.’

5. हसू कुणावर पडतंय ते बघायचं.

‘आजीला ओटीपी कळत नाही’ या जातीचे विनोद मला मनापासून नकोसे वाटतात. आजीला सगळं कळतं. अडचण अशी असते की फॉर्म घरातल्या वायफायवर उघडलेला असतो आणि एसएमएस यायला मोबाइलची रेंज लागते. ती कोकणातल्या कितीतरी घरांत गच्चीवर किंवा मागच्या चढावरच मिळते. ओटीपीची मुदत काही मिनिटांची. माणूस जिना चढून उतरेपर्यंत ती संपते. विनोद तिथेच आहे, आजीला मधे आणायची गरजच नाही: ‘ओटीपी गच्चीवर आला, फॉर्म तळमजल्यावर थांबला, दोघांची जिन्यात चुकामूक झाली.’ ही ओळ आजी स्वतः शेजारणीला सांगू शकते.

6. ओळीपुढे उद्गारचिन्ह नको, हसरा चेहरा नको, समजावणीही नको.

7. ओळ शिळी होते, ते धरून चालायचं.

भारतात 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. तेव्हा नेट टेलिफोनच्या तारेवरूनच चालायचं, म्हणून कुणी नेटवर असलं की बाहेरून फोन लागत नसे. ‘मुलगा नेटवर असल्यामुळे मामांनी प्रत्यक्ष यायचं ठरवलं’ ही ओळ त्या काळी कळली असती. आज विशीतल्या मुलाला ती कोरडी वाटेल, आणि तो त्याच्या जागी बरोबर आहे. म्हणून वहीत प्रत्येक ओळीसमोर मी साल टाकतो, आणि संपादकांनी जुनं काही मागितलं की आधी तो रकाना बघतो. पासवर्डाच्या जागी बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने उघडणाऱ्या पासकी येऊ लागल्या आहेत. त्या घरोघरी रुळल्या की बिऱ्हाड हलवणाऱ्या पासवर्डाची ओळ मी काढून घेईन. चाकाची ओळ अजून बरीच चालेल.