फीच्या पावतीतली वजावट नेमकी किती?

प्रश्न : मुलीच्या शाळेच्या दोन सत्रांचे ६२,००० रुपये भरले. कर-वजावट पूर्ण मिळेल का? (एक पालक, पुणे)

उत्तर : नाही. जुन्या करप्रणालीत कलम ८०सी खाली फक्त शिक्षण शुल्क, म्हणजे ट्यूशन फी, धरली जाते. तीही दोनच मुलांची. या पालकांच्या प्रत्येक सत्राच्या ३१,००० रुपयांत शिक्षण शुल्क १९,०००, विकास निधी ४,५००, बस ६,००० आणि स्नेहसंमेलन १,५०० रुपये आहे. म्हणजे सत्रामागे १९,००० रुपयेच कामाचे.

खरी गफलत तारखेत होते. पावतीवर ‘पहिले सत्र २०२४-२५’ छापलेले असले, तरी पैसे २८ मार्च २०२४ रोजी भरले गेले. ती रक्कम आर्थिक वर्ष २०२३-२४ मध्ये जाते, कारण इथे सत्र नव्हे, भरणा मोजतात. दुसरे सत्र नोव्हेंबरमध्ये भरले, म्हणून २०२४-२५ साठी दावा १९,००० रुपयांचाच.

अनेक शाळांच्या पोर्टलवर नुसती एकूण रक्कम दिसते. तसे असेल तर शाळेच्या कार्यालयातून शीर्षकवार तपशील आणि भरणा-तारीख असलेला दाखला शिक्क्यानिशी घ्यावा. बँकेच्या नोंदीतून शीर्षक कळत नाही.