पगारपत्रकातील टी.डी.एस.

नव्याने नोकरीस लागलेल्या मुलाच्या वा मुलीच्या पगारपत्रकात टी.डी.एस. हा रकाना दिसला की घरात विचारणा होते, हे पैसे गेले कोठे? भविष्य निर्वाह निधीचे पैसे पुढे आपल्यालाच मिळतात, हे सर्वांना ठाऊक असते. टी.डी.एस. म्हणजे उगमस्थानी करकपात. पगार जेथून निघतो तेथेच आयकर कापून मालक तो आपल्या पॅन क्रमांकावर सरकारकडे भरतो. सरकारचा खर्च वर्षभर चालतो, म्हणून करही वर्षभर यावा लागतो. शिवाय पगारदारालाही वर्षाचा कर एकदम भरणे जड जाते.

हा कर त्या महिन्याच्या पगारावर नसतो. लेखा विभाग संपूर्ण वर्षाचा अंदाज धरतो. सन २०२५-२६ मध्ये नवीन करप्रणालीतील एका कर्मचाऱ्यास दरमहा १,२०,००० रुपये, म्हणजे वर्षास १४,४०,००० रुपये मिळाले असे समजू. प्रमाणित वजावटीचे ७५,००० गेल्यावर १३,६५,००० उरतात. पहिल्या चार लाखांवर कर नाही, पुढील चार लाखांवर २०,०००, त्यापुढील चार लाखांवर ४०,००० आणि उरलेल्या १,६५,००० वर १५ टक्क्यांनी २४,७५०. एकूण ८४,७५०, ४ टक्के उपकर धरून ८८,१४०. बारा महिन्यांत वाटल्यास दरमहा ७,३४५. हाच तो पगारपत्रकावरचा आकडा.

अंदाज चुकतो तो बहुधा नोकरी बदलताना. आपली तरुण मंडळी येथेच फसतात. दुसऱ्या एकास सप्टेंबरपर्यंत दरमहा ८०,००० होते, ऑक्टोबरपासून नव्या ठिकाणी १,६०,००० झाले. पहिल्या मालकाने वर्षाचे ९,६०,००० धरले. करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या आत म्हणून त्या वर्षीच्या सवलतीमुळे कर शून्य. नव्या मालकानेही फक्त आपल्या सहा महिन्यांचे ९,६०,००० पाहिले, पुन्हा शून्य! गडी खूश. पण दोन्ही मिळून उत्पन्न १४,४०,००० च झाले. विवरणपत्र भरताना तेच ८८,१४० रुपये एकदम समोर उभे राहतात, वर व्याज निराळे. त्या वर्षी आधीच्या पगाराची माहिती १२-बी या नमुन्यात नव्या मालकास दिली असती, तर उरलेल्या सहा महिन्यांत दरमहा १४,६९० कापले गेले असते. हातात कमी आले असते, पण धक्का बसला नसता.

याउलट कर कापला जाऊनही तो भरला न जाणे, हेही घडते. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या नावे जमा झालेला कर दिसतो. तो पगारपत्रकाशी ताडून पाहावा. तफावत असल्यास प्रथम लेखा विभागास लेखी विचारावे. पगारातून कापलेला कर मालकाने भरला नाही, तरी तो पगारदाराकडून पुन्हा वसूल करता येत नाही. मात्र कापल्याचा पुरावा आपल्यालाच दाखवावा लागतो, म्हणून बाराही महिन्यांची पगारपत्रके व बँकेचे पासबुक जपून ठेवावे.