रोध वाढवला, तरी करंट तेवढाच कसा?

प्रश्न : २२० व्होल्टची एक डीसी शंट मोटर लाइनमधून २२ अँपिअर घेते आणि मिनिटाला १००० फेरे फिरते. आर्मेचरचा रोध ०.५ ओहम, फिल्डचा ११० ओहम. आर्मेचरच्या सिरीजमध्ये २.५ ओहमचा रोध जोडला आणि लोडचा टॉर्क तोच ठेवला, तर वेग किती? उत्तर ७६२ दिलंय, पण त्यात आर्मेचरचा करंट जोडणीच्या आधी आणि नंतर २० अँपिअरच धरलाय. रोध वाढला की करंट कमी व्हायला नको का?

उत्तर : करंट कमी होतोच, पण तेवढ्यापुरता. फिल्ड थेट २२० व्होल्टवर असल्याने २ अँपिअर तिकडे जातात आणि आर्मेचरला २० उरतात. आर्मेचरच्या रोधात १० व्होल्ट पडतात, म्हणजे बॅक ईएमएफ २१०.

आता रोध जोडला त्या क्षणाकडे बघा. मोटर अजून १००० नेच फिरते आहे, त्यामुळे बॅक ईएमएफ २१० च आहे. उरलेले १० व्होल्ट एकूण ३ ओहमवर पडतात आणि करंट जेमतेम ३.३ अँपिअरवर येतो. टॉर्क एकदम सहाव्या हिश्शावर! लोड मात्र पूर्वीइतकाच टॉर्क मागतो, म्हणून मोटर मंदावू लागते. वेग उतरतो तसा बॅक ईएमएफ उतरतो आणि करंट पुन्हा चढतो. फिल्डचा फ्लक्स बदललेला नाही, त्यामुळे तोच टॉर्क द्यायला २० अँपिअरच लागतात. तिथे पोचला की मोटर स्थिरावते.

तेव्हा बॅक ईएमएफ २२० − (२० × ३) = १६० व्होल्ट असतो. फ्लक्स तोच असल्याने वेग बॅक ईएमएफच्या प्रमाणात बदलतो : १००० × १६० ÷ २१० = ७६२ फेरे. आर्मेचर रिअॅक्शन इथे धरलेली नाही.

गणितात हमखास चुकतं ते २० ऐवजी २२ घेण्यात. दुसरी चूक जोडणीची : रोध आर्मेचरच्या शाखेतच हवा. तो लाइनमध्ये, फिल्डच्याही आधी बसला तर फिल्डचा व्होल्टेज घटतो, फ्लक्स बदलतो आणि वरचं प्रमाण लागू पडत नाही.

या पद्धतीची किंमतही मोजून बघा. त्या रोधात २०² × २.५, म्हणजे १००० वॅट नुसती उष्णता होते. आर्मेचरच्या शाखेला मिळणाऱ्या ४४०० वॅटमधला हा मोठाच वाटा आहे.

शिवाय ७६२ हा आकडा याच लोडपुरता खरा. लोडचा टॉर्क निम्मा करा : करंट १० अँपिअर, बॅक ईएमएफ १९०, वेग ९०५. रोध न जोडता हाच बदल केला असता, तर वेग १००० वरून फक्त १०२४ झाला असता. म्हणजे शंट मोटर ज्या स्थिर वेगासाठी निवडतात, तो गुणच या रोधामुळे जातो. लोड पूर्ण काढला तर रोध असो वा नसो, दोन्ही वेळी मोटर १०४८ च्या जवळपासच फिरेल.