ओव्हरटाइमचा हिशेब: डबल करायचं ठाऊक आहे, पण कशाचं डबल?

मागच्या व्हिडिओत फळ्यावर आकडेमोड जरा पटापट झाली. तीच इथे सावकाश करून दाखवतो. कागद-पेन घेऊन बसा, म्हणजे शेवटी तुमचा आकडा तुम्हालाच काढता येईल.

माजरीत धंदा म्हणजे पाळीचा धंदा. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी रात्रंदिवस चालतात. त्यामुळे त्यांच्या जिवावर उभा राहणारा टायरवाला, वेल्डिंगवाला, खानावळवाला यांनाही तीन पाळ्यांत माणसं ठेवावी लागतात. डंपर रात्री दोनला बंद पडला तर सकाळी दहापर्यंत कोणी वाट बघत नाही. रात्रपाळी, रविवार, सव्वीस जानेवारी, सगळीकडे जादा काम निघतं. म्हणून आपण आज एकच उदाहरण घेऊ. समजा, खाणीच्या रस्त्यावर तुमचं डंपर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे आणि तुमच्याकडे एक वेल्डर आहे. महिन्याचा पगार १५,६०० रुपये, रोज ८ तासांची पाळी, आठवड्याची सुट्टी रविवारी.

आधी तासाचा दर

ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा, हे बहुतेकांना माहीत असतं. दुकाने कायदा २०१७ असो, कारखाने कायदा १९४८ असो की खाण कायदा १९५२, तिन्हींत ‘नेहमीच्या दराच्या दुप्पट’ हेच लिहिलं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही दुपटीपेक्षा कमी चालत नाही. चूक दुपटीत होत नाही, तिच्या खाली होते.

महिन्याचा पगार ३० ने भागायचा की २६ ने? वेल्डर महिन्याला सरासरी २६ दिवस काम करतो, चार रविवार घरी असतो. त्याचा पगार त्या २६ दिवसांच्या कामाचा आहे. ग्रॅच्युइटी काढतानाही महिन्याचा पगार २६ नेच भागतात. तेव्हा १५,६०० भागिले २६ म्हणजे दिवसाचे ६०० रुपये. ६०० भागिले ८ म्हणजे तासाचे ७५. दुप्पट केले की ओव्हरटाइमचा दर तासाला १५० रुपये.

आता ३० ने भागून बघा. दिवसाचे ५२०, तासाचे ६५, दुप्पट १३०. तासाला २० रुपयांचा फरक. वीस रुपये म्हणजे किती ते मोजू. आठ माणसं, प्रत्येकाचे आठवड्याला चार तास ओव्हरटाइम. आठवड्याला ६४० रुपये, वर्षाला ३३,२८०. वेतन संहितेत कामगाराला तीन वर्षांपर्यंत मागे जाऊन दावा करता येतो, म्हणजे जवळपास एक लाख रुपये. त्यावर नुकसानभरपाई वेगळी. आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी त्याची नाही, तुमची.

दुसरी चूक याहून मोठी. काही जण पगाराचे तुकडे करतात: मूळ पगार ९,१००, बाकी ६,५०० निरनिराळे भत्ते. मग ओव्हरटाइम फक्त मूळ पगारावर काढतात. दर येतो तासाला ८७ रुपये ५० पैसे. म्हणजे डबल म्हणता म्हणता साध्या दरापेक्षा फक्त साडेबारा रुपये जास्त! महागाई भत्ता दरात धरावाच लागतो. घरभाडं, प्रवासभत्ता अशा काही रकमा संहितेच्या व्याख्येत वेतनाबाहेर आहेत, पण त्या एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या की वरचा भाग परत वेतनात येतो. माझं मत विचाराल तर लहान धंद्यात एकच आकडा ठेवा आणि तोच २६ ने भागा. तुकड्यांत वाचतं थोडं, भांडण होतं जास्त.

दिवसाचे तास किती धरायचे?

इथे कायद्याचं गणित सध्या हलतं आहे. जुन्या कायद्यांत दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांनंतर ओव्हरटाइम सुरू व्हायचा. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानांसाठी दिवसाची मर्यादा १० तासांवर न्यायला मंजुरी दिली. यात एक आकडा मात्र जागचा हलला नाही, तो म्हणजे आठवड्याचे ४८. आठवड्याचे कामाचे दिवस सहा, म्हणजे दिवसाला ८. नेमणूकपत्रात ‘८ तासांची पाळी, त्यावर ओव्हरटाइम’ असं स्वतःच लिहून टाका. मग दिवसाची मर्यादा ९ आहे की १०, यावर तुमचा हिशेब अडत नाही.

जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी या ८ तासांत येत नाही. पण ती खरी सुट्टी हवी. एका हातात भाकर आणि दुसऱ्या हातात ड्रायव्हरचा फोन, अशी सुट्टी कामातच मोजली जाईल.

एक आठवडा मोजू

२६ जानेवारी २०२६ ला सोमवार होता. त्या आठवड्यात आपल्या वेल्डरने असं काम केलं असं धरा. सोमवारी, म्हणजे प्रजासत्ताक दिनी, ८ तास. मंगळवारी ८, बुधवारी १०, गुरुवारी ८, शुक्रवारी ८, शनिवारी ११. आणि रविवारी डंपर अडकला म्हणून बोलावून घेतलं, ६ तास.

आधी साधा ओव्हरटाइम. बुधवारचे २ आणि शनिवारचे ३ मिळून ५ तास. पाच गुणिले १५० म्हणजे ७५० रुपये.

आता रविवार. पगार २६ दिवसांचा आहे हे आपण मघाशीच ठरवलं, म्हणजे रविवारचे पैसे पगारात नाहीतच. म्हणून ते ६ तास पूर्ण दुप्पट दराने वेगळे द्यायचे: ६ गुणिले १५० म्हणजे ९०० रुपये. शिवाय दुकाने कायद्याप्रमाणे आठवड्याची सुट्टी बुडाली तर तिच्या बदल्यात दोन महिन्यांच्या आत दुसरी सुट्टी द्यावी लागते. पैसे दिले म्हणून सुट्टी संपत नाही, नि सुट्टी दिली म्हणून पैसे माफ होत नाहीत.

सव्वीस जानेवारीचं गणित उलटं आहे, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि वर्ष सुरू होण्याआधी कामगारांशी ठरवलेले चार सण, अशा आठ सुट्ट्या पगारी आहेत. वेल्डर घरी बसला असता तरी सोमवारचे ६०० त्याला मिळालेच असते, ते पगारात बसलेले आहेत. त्या दिवशी कामावर ठेवलं तर दुप्पट वेतन आणि बदली सुट्टी. दुपटीतले ६०० पगारात गेले, वरचे ६०० तुम्ही द्यायचे. म्हणून रविवारच्या ६ तासांना वर ९०० आणि सणाच्या ८ तासांना वर ६००, हे विचित्र दिसलं तरी बरोबर आहे. रोजंदारीवरच्या माणसाच्या हातात मात्र त्या दिवसाचे आधी काहीच पडलेलं नसतं. त्याला सोमवारचे पूर्ण १,२०० द्यायचे.

एकूण जादा: ७५० अधिक ९०० अधिक ६००, म्हणजे २,२५० रुपये आणि दोन बदली सुट्ट्या.

आता पडताळा घ्या. आठवड्याचे एकूण तास ५९. त्यातून ४८ वजा केले तर उरतात ११. आपण दिवसाप्रमाणे मोजलेले २, ३ आणि ६ मिळून ११च. जुळलं. काही जण दिवसाचे ११ आणि आठवड्याचे ११ असे २२ तास लावतात, ते चूक. तास तेच आहेत, फक्त दोन बाजूंनी मोजलेत.

तो मंगळवारी गैरहजर असता तर आठवड्याची बेरीज कमी झाली असती. तेव्हा मालक म्हणतो, ‘मंगळवार बुडवलास, आता बुधवार-शनिवारचे तास त्यात वळते.’ असं करू नका. बिनपगारी गैरहजेरीचे ६०० कापा, पण जादा तासांचे पैसे त्या दिवसाच्या कामाचे आहेत, ते जागेवरच राहतात.

रात्रपाळीचा रविवार कधी सुरू होतो?

शनिवारी रात्री १० ला आलेला माणूस रविवारी सकाळी साडेसहाला सुटतो. मग मध्यरात्रीनंतरचे तास रविवारचे का? नाही. कारखाने कायद्यात (कलम ५७) यावर सरळ पद्धत होती: मध्यरात्रीनंतरचे तास ज्या दिवशी पाळी सुरू झाली त्याच दिवशी धरायचे, आणि सुट्टीचे २४ तास पाळी सुटल्यापासून मोजायचे. म्हणजे या माणसाचा ‘रविवार’ रविवारी सकाळी साडेसहाला सुरू होऊन सोमवारी सकाळी साडेसहाला संपतो. त्याला रविवारी रात्री १० ला परत बोलावलंत तर तुमच्या कॅलेंडरवर सोमवार उजाडायला दोनच तास असतील, पण त्याची सुट्टी मोडली.

हजेरी एक्सेलमध्ये ठेवत असाल तर इथेच सूत्र फसतं. जाण्याच्या साडेसहातून येण्याचे रात्रीचे दहा वजा करायला गेलं की उत्तर उणे येतं. `B2` मध्ये येण्याची वेळ, `C2` मध्ये जाण्याची वेळ, `F2` मध्ये महिन्याचा पगार असेल तर असं लिहा:

```
D2: =MOD(C2-B2,1)*24-0.5
E2: =MAX(0,D2-8)
G2: =E2*F2/26/8*2
```

`D2` मध्ये जेवणाचा अर्धा तास वजा होऊन कामाचे तास येतात, `E2` मध्ये जादा तास, `G2` मध्ये रुपये. ही सूत्रं कामाच्या साध्या दिवसाची. रविवार आणि पगारी सुट्टीची ओळ वर केली तशी वेगळी मोजा. आणि जादा वेळ पूर्ण तासात खाली ओढू नका. ४० मिनिटं म्हणजे १५० चे दोन तृतीयांश, १०० रुपये.

शेवटचं, आपल्याकडच्या ‘डबल हजेरी’बद्दल. बदली माणूस आला नाही, की पहिल्यालाच पुढची पाळी करायला लावायची आणि रजिस्टरमध्ये दोन हजेऱ्या मांडायच्या. दोन हजेऱ्या म्हणजे १,२०० रुपये. माणूस खूश, मालकही खूश. पण दुसऱ्या पाळीचे ८ तास जादा आहेत, त्यांचेच १,२०० होतात, पहिल्या पाळीचे ६०० वेगळे. म्हणजे १,८०० द्यायला हवे होते. नावात डबल असलं तरी दर एकेरीच लागला. आणि पूर्ण पैसे दिले तरी सोळा तास बसत नाहीत. खाण कायद्यात ओव्हरटाइम धरून दिवसाला १० तासांच्या वर काम घ्यायला मनाई होती, आणि दुकाने कायदा २०१७ मध्ये विश्रांती धरून कामाचा पसारा साधारण साडेदहा तासांचा. सोळाव्या तासाला वेल्डिंगची बंदूक धरलेल्या हाताला भाजलं, तर त्या रजिस्टरवर तुम्हीच लिहून ठेवलेलं असेल की तो सोळा तास उभा होता. बदली न येणारे दिवस महिन्यात तीन-चारदा येत असतील, तर चौथा माणूस ठेवायला किती पडतं हे एकदा १५० रुपये तासाच्या दराने मोजून बघा.