आधी नळी, मग उजेड

फोटोवरून निऑन पाटीचा आभास तयार करायला बसलेली बहुतेक मंडळी पहिला हात चकाकीला घालतात आणि तिथेच चित्र हातचं जातं. माझं अनुभवाअंती ठाम मत झालं आहे की निऑन ओळखू येतो तो नळीमुळे. उजेड तिच्यानंतर येतो. जॉर्ज क्लोद यांनी १९१० साली पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात निऑनच्या नळ्या लोकांपुढे मांडल्या. पाटी बनवण्याची मूळ रीत अशी: काचेची नळी ज्योतीवर तापवून वाकवायची, आतली हवा काढून वायू भरायचा आणि दोन टोकांना उच्च दाबाची वीज जोडायची. त्यामुळे नळीची जाडी सगळीकडे सारखी असते, वळणं गोलसर असतात, रेषा मोजक्या असतात आणि जिथे उजेड नको तिथे नळीला काळा रंग फासलेला असतो. आपली रेषा हे नियम पाळत नसेल, तर तिच्याभोवती कितीही प्रकाश ओता, पाटी दिसणार नाही.

यावर कुणी म्हणेल, फोटोशॉपमध्ये Find Edges असताना हाताने रेषा कशाला काढायच्या? कारण उजेड-अंधार जिथे बदलतो तिथे तो फिल्टर रेघ उमटवतो. वस्तूचा आकार त्याला कळत नाही. कटिंग चहाच्या ग्लासाचा फोटो घ्या. फिल्टर चहावरचा फेस, काचेतली चमक, टेबलावरची सावली, सगळ्याच्या रेघा काढील, त्याही कुठे जाड, कुठे बारीक. अशी नळी कोणताही कारागीर वाकवू शकणार नाही. फोटोची अपारदर्शकता ४० टक्क्यांवर आणून वर नव्या लेअरवर Pen Tool ने एवढंच काढा: कडेचा लंबगोल, दोन बाजू, तळ, काचेवरच्या दोन उभ्या पन्हाळ्या आणि वाफेच्या दोन लाटा. बाजू कडेला जिथे भेटते तिथे रेषा चिकटवू नका. नळीच्या जाडीएवढी फट ठेवा. त्या फटीनेच दोन वेगळ्या नळ्या असल्याचं डोळ्याला पटतं.

फोटो २४०० पिक्सेल रुंद आहे असं धरून आता या मार्गावर गोल टोकांच्या ब्रशने २४ पिक्सेलची रंगीत रेषा द्या आणि तिच्या मधोमध ८ पिक्सेलची जवळजवळ पांढरी. पेटलेल्या नळीचा गाभा फोटोत प्रखरपणामुळे फिका पडतो आणि रंग कडेला उरतो, म्हणून नुसती गडद गुलाबी रेषा मार्करने ओढल्यासारखी वाटते. प्रभेसाठी रंगीत रेषेच्या दोन प्रती करा, एकीला Gaussian Blur १२ पिक्सेल, दुसरीला ८०, आणि दोन्ही Screen वर ठेवा. पहिली नळीला बिलगून राहते, दुसरी हवेत विरते. एकाच मोठ्या धूसरपणाने हे साधत नाही, नुसतं धुकं तयार होतं.

खरी फसगत नळीमागे ठेवलेल्या विटांच्या भिंतीवर होते. प्रभा विटांवर नुसती पसरली की विटांमधले सांधे, खडबडीतपणा सगळं त्या रंगाखाली पुसट होतं. प्रत्यक्षात भिंत नळीचा उजेड परत फेकते, म्हणजे उजेडात वीट अधिक स्पष्ट दिसायला हवी. म्हणून खाली गडद केलेली भिंत ठेवा. तिच्यावर मूळ उजळ भिंतीची, नळीच्या रंगाने Multiply करून घेतलेली प्रत ठेवा. त्या प्रतीला काळा मास्क लावून त्यात नळीच्याच रेषा पांढऱ्याने काढा आणि मास्क सुमारे १५० पिक्सेल धूसर करा, मग Levels ने त्याचा फिका पडलेला पांढरा भाग पुन्हा उजळवा. नळीजवळची वीट आपोआप उजळते, लांबची अंधारात जाते. लाल वीट निळा उजेड फारसा परत फेकत नाही, म्हणून निळी नळी अशा भिंतीवर मंद पडते. केशरी-लाल नळी मात्र खुलते. भिंत पूर्ण काळीही करू नका, कोपऱ्यात सांधे अंधुक दिसले पाहिजेत.

आणखी एक आक्षेप रास्त आहे: आज बाजारातल्या बऱ्याच पाट्या एलईडीच्या लवचिक पट्टीच्या असतात, मग काचेचे नियम कशाला? पण ती पट्टीही एकाच जाडीची असते आणि ठरावीक मर्यादेपलीकडे वळत नाही, तेव्हा रेषेचा हिशेब तोच राहतो. कमी रेषांत ओळख हरवते, ही तक्रारही ऐकू येते. चेहऱ्याच्या फोटोबाबत ती खरी आहे. तिथे ही पद्धत थिटी पडते. ग्लास, सायकल, छत्री अशा ठळक आकाराच्या वस्तू निवडा.

पारख करायची रीत सोपी आहे. सगळे प्रभेचे लेअर बंद करा आणि नुसत्या रेषा बघा. ग्लास ओळखता आला तर पुढे जा. नाही आला तर चकाकी वाढवू नका, रेषा पुन्हा काढा.